आयल्ट्स की टोफेल? आधी सेक्शनची अट वाचा, मग परीक्षा निवडा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं परदेशी शिक्षणाचं विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, आयल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या दोन परीक्षांपैकी सोपी कोणती?" या प्रश्नातून सुरुवात केली की पुढचं सगळं उलटं होतं. आधी क्लास लागतो, मग परीक्षा होते, मग विद्यापीठांची यादी बनते, आणि शेवटी कळतं की एकूण स्कोअर चांगला असूनही रायटिंगमध्ये अर्धा बँड, म्हणजे आयल्ट्सचा अर्धा गुण, कमी पडला आणि अर्ज अडकला. विद्यापीठ नेमकं काय पाहतं हे आधी समजून घेतलं, तर परीक्षेची निवड जवळपास आपोआप होते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: पासपोर्ट आणि नाव

दोन्ही परीक्षांना आपल्याकडे ओळखपत्र म्हणून पासपोर्टच धरून चला. नोंदणी करताना जो पासपोर्ट नंबर टाकाल, तोच पासपोर्ट मूळ प्रत म्हणून परीक्षेच्या दिवशी हातात हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरका.

आपल्याकडे नावाचा घोळ हमखास होतो. कॉलेजच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. मुलं परीक्षेचा फॉर्म मार्कशीट समोर ठेवून भरतात आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. परीक्षेचा फॉर्म, विद्यापीठाचा अर्ज आणि पुढे व्हिसाचा फॉर्म हे तिन्ही पासपोर्ट समोर ठेवूनच भरा. स्कोअरवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळलं नाही, तर विद्यापीठाच्या संगणकात तुमचा स्कोअर तुमच्या फाइलला जोडलाच जात नाही. तुम्हाला वाटतं स्कोअर पोचला, त्यांच्याकडे फाइल अपूर्ण दिसते.

तपासा: लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्टवर जुनंच असेल, तर परीक्षेला जुनंच आडनाव लागेल.

## टप्पा २: विद्यापीठांच्या अटींचा तक्ता

वहीचं एक पान घ्या किंवा एक्सेल उघडा. अंदाजे यादी असली तरी चालेल, पाच-सहा नावं पुरेत. प्रत्येक नावापुढे सहा रकाने करा: आयल्ट्सचा एकूण बँड, आयल्ट्सचा प्रत्येक सेक्शनचा किमान बँड, टोफेलचा एकूण स्कोअर, टोफेलचा प्रत्येक सेक्शनचा किमान स्कोअर, घरून दिलेली टोफेल चालते का, आणि आयल्ट्सचा एकच सेक्शन पुन्हा देण्याचा 'वन स्किल रिटेक' चालतो का.

हा तक्ता भरताना एकच पान वाचून थांबू नका, कारण अटी थरांनी येतात. विद्यापीठाची किंवा ग्रॅज्युएट स्कूलची एक सर्वसाधारण अट असते. त्याच्या वर विभागाची स्वतःची अट असू शकते. मॅनेजमेंट, कायदा, पत्रकारिता, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांत ती बहुधा जास्त असते. तिसरा थर फंडिंगचा. अमेरिकेत टीचिंग असिस्टंटशिप हवी असेल, तर अनेक विद्यापीठं स्पीकिंगसाठी प्रवेशापेक्षा वेगळा आणि जास्त स्कोअर मागतात, कारण तुम्ही तिथल्या मुलांपुढे उभं राहून शिकवणार असता. तिन्हींपैकी जी अट सर्वांत कडक, ती तुमची. प्रवेशापुरता स्कोअर आणला आणि असिस्टंटशिप स्पीकिंगमुळे गेली, ही गोष्ट एमएस करणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात येते.

व्हिसाचं गणित वेगळं आहे. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सरकारने आयल्ट्स-टोफेलचा असा कोणताही किमान स्कोअर ठरवलेला नाही, ते विद्यापीठावर सोडलेलं आहे. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी बहुतेक विद्यापीठं इंग्रजीची खात्री स्वतः करू शकतात, म्हणून तिथे साधी आयल्ट्स अकॅडमिक चालते आणि काही ठिकाणी टोफेलही. मात्र पदवीच्या खालच्या पातळीचा, म्हणजे फाउंडेशनसारखा अभ्यासक्रम असेल, तर ब्रिटिश सरकारच्या यादीतली सुरक्षित परीक्षाच लागते. तिथे 'आयल्ट्स फॉर यूकेव्हीआय' हे नाव बघून नोंदणी करावी लागते आणि टोफेल चालत नाही.

सावधान: आयल्ट्स दोन प्रकारची आहे, अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग. विद्यापीठासाठी अकॅडमिक. कॅनडात कामाला गेलेल्या चुलतभावाने जनरल दिली म्हणून तीच भरणारे दरवर्षी भेटतात. चुकीचा प्रकार भरला तर चांगल्या बँडचाही विद्यापीठाला उपयोग नसतो.

## टप्पा ३: टोफेलची नवी मोजपट्टी समजून घ्या

आयल्ट्सचं मोजमाप जुनंच आहे. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग असे चार सेक्शन, प्रत्येकाला ० ते ९ बँड, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी. चारांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. सरासरी ६.२५ आली तर ६.५ होतो, ६.७५ आली तर ७ होतो.

टोफेल मात्र २१ जानेवारी २०२६ पासून बदलली. पूर्वी प्रत्येक सेक्शन ३० गुणांचा आणि एकूण १२० असायचे. आता प्रत्येक सेक्शनला १ ते ६ असा स्कोअर मिळतो, तोही अर्ध्याच्या पायऱ्यांनी, आणि एकूण स्कोअर म्हणजे चारांची सरासरी. ही पट्टी युरोपीय भाषा-पातळ्यांशी जोडलेली आहे: ४ म्हणजे बी२ पातळी, ५ म्हणजे सी१. विद्यापीठांना जुळवून घेता यावं म्हणून सुरुवातीची दोन वर्षं निकालपत्रावर १२० पैकी तुलनात्मक एकूण स्कोअरही छापून येतो.

अडचण सेक्शनच्या अटीत आहे. विद्यापीठाच्या पानावर अजून 'प्रत्येक सेक्शनला किमान २०' असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या नव्या निकालातला ४ किंवा ४.५ त्यात बसतो की नाही हे तुम्ही स्वतः ठरवायचं नाही. प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. दोन ओळी पुरतात: अमुक अभ्यासक्रमासाठी १ ते ६ च्या पट्टीवर एकूण किती आणि प्रत्येक सेक्शनला किती लागेल? उत्तर आलं की ते तक्त्यात लिहा आणि ईमेल जपून ठेवा.

क्लासमध्ये मिळणारं साहित्यही तपासून घ्या. नव्या टोफेलमध्ये ऐकलेलं वाक्य तसंच बोलून दाखवणं, मुलाखतीच्या प्रश्नांना लगेच उत्तर देणं, शब्दांतली गाळलेली अक्षरं भरणं, ईमेल लिहिणं असे प्रश्न आहेत. पुस्तकात अजून लांबलचक व्याख्यान ऐकून निबंध लिहायचा प्रश्न मुख्य म्हणून असेल, तर ते पुस्तक जुन्या परीक्षेचं आहे.

## टप्पा ४: सेक्शनची अट कशी चालते, एका उदाहरणावरून

समजा, शिरपूरचा एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग इंग्रजीत. त्याने आयल्ट्स दिली आणि निकाल आला: लिसनिंग ७.५, रीडिंग ७.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५. बेरीज २७, भागिले चार म्हणजे ६.७५, म्हणून एकूण बँड ७. घरी पेढे वाटले.

त्याच्या तक्त्यात तीन विद्यापीठं आहेत. पहिल्याची अट एकूण ६.५, सेक्शनची अट नाही. तिथे तो पात्र आहे. दुसऱ्याची अट एकूण ६.५, प्रत्येक सेक्शनला किमान ६. एकूणात तो अर्ध्या बँडने पुढे असूनही रायटिंगच्या ५.५ वर अडकतो. तिसऱ्याचं ग्रॅज्युएट स्कूल एकूण ६.५ मागतं, पण विभाग ७ मागतो आणि प्रत्येक सेक्शनला ६.५. तिथेही रायटिंग आडवं येतं.

लक्षात घ्या, एकूण बँड सरासरीचा असतो, म्हणून लिसनिंग-रीडिंगमधले जास्तीचे बँड रायटिंगची उणीव झाकून टाकतात. सेक्शनची अट मुद्दाम ती झाकली जाऊ नये म्हणूनच ठेवलेली असते. आणि बहुतेक ठिकाणी ही तपासणी प्राध्यापक करत नाहीत, प्रवेश कार्यालयातला कर्मचारी करतो. त्याच्यापुढे तुमचा प्रोजेक्ट नसतो, फक्त आकडे असतात. म्हणून 'प्रोफाइल चांगलं आहे, सांभाळून घेतील' या भरवशावर राहू नका.

उलट बाजूही माहीत असू द्या. किमान अट ओलांडल्यावर भाषेच्या स्कोअरला सहसा फारसं वजन उरत नाही. ७ ऐवजी ८ आणल्याने इंजिनिअरिंगच्या एमएसचा प्रवेश पक्का होत नाही. अट पूर्ण झाली की तो वेळ एसओपी, म्हणजे शिक्षणाचा हेतू सांगणारा निबंध, आणि शिफारसपत्रांना द्या.

## टप्पा ५: परीक्षा निवडा, तुमच्या कच्च्या सेक्शनवरून

आता सोपी कोणती, या प्रश्नाला अर्थ येतो. विद्यापीठ दोन्ही परीक्षा स्वीकारतं, पण दोन्हींसाठी ठेवलेल्या किमान अटी दरवेळी सारख्याच अवघड नसतात. कुठे रायटिंगमध्ये टोफेलची अट हलकी असते, कुठे स्पीकिंगमध्ये आयल्ट्सची.

जुन्या पट्टीवरचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हा फरक स्पष्ट दिसतो. टोफेल घेणाऱ्या ईटीएस संस्थेने जुन्या टोफेलची आयल्ट्सशी तुलना करणारा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्यात रायटिंगचा आयल्ट्स ६ बँड म्हणजे टोफेलचे २१ ते २३, आणि ५.५ म्हणजे १८ ते २०. स्पीकिंगमध्ये मात्र ६ बँड म्हणजे १८-१९, आणि ६.५ म्हणजे २० ते २२. आता एखादं विद्यापीठ 'आयल्ट्सला प्रत्येक सेक्शन ६, किंवा टोफेलला प्रत्येक सेक्शन २०' म्हणत असेल, तर वरवर दोन्ही अटी सारख्या दिसतात. पण रायटिंगमध्ये २० म्हणजे ५.५ च्या पातळीवर, म्हणजे टोफेलची अट हलकी. स्पीकिंगमध्ये २० म्हणजे ६.५ च्या पातळीवर, म्हणजे टोफेलची अट जड. शिरपूरच्या त्या मुलाला अशा विद्यापीठासाठी टोफेल सोयीची पडली असती. ज्याचं लेखन बरं पण बोलणं अडखळतं, त्याला तिथेच आयल्ट्स बरी.

हे जुने आकडे आज जसेच्या तसे वापरू नका. पद्धत तेवढी उचला: विद्यापीठाने नव्या पट्टीवर दिलेली सेक्शनची अट आणि ईटीएसचा सध्याचा तुलना-तक्ता शेजारी ठेवा, आणि तुमच्या कच्च्या सेक्शनपुरतीच तुलना करा. बाकीचे तीन सेक्शन सोडून द्या.

कच्चा सेक्शन कोणता, हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही परीक्षांचा अधिकृत सराव-पेपर एकेकदा, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं स्वतः तपासता येतात. रायटिंग मात्र परीक्षेच्या निकषांवर तपासू शकणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्या. आपल्या भागातल्या मुलांचं रायटिंगच जास्त अडतं असा माझा अनुभव आहे, आणि त्याचं एक ठळक कारण पाठ केलेले साचे. 'इन धिस मॉडर्न एरा' पासून सुरू होणारा परिच्छेद परीक्षकाला लगेच ओळखू येतो आणि पाठांतराला गुण नसतात. आयल्ट्समध्ये दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं. तरी पुष्कळ जण आलेखाच्या वर्णनात निम्मा वेळ घालवतात आणि २५० शब्दांचा निबंध घाईत आटोपतात.

बोलण्यातही दोन परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. आयल्ट्समध्ये समोर परीक्षक असतो, काही केंद्रांवर तो व्हिडिओवर असतो, आणि ११ ते १४ मिनिटं संवाद चालतो. टोफेलमध्ये तुम्ही माइकशी बोलता आणि शेजारी इतर परीक्षार्थीही एकाच वेळी बोलत असतात. माणूस समोर असला की ज्याला धीर येतो त्याला आयल्ट्स, आणि साहेब दिसला की ज्याची जीभ अडते त्याला टोफेल. घरी अहिराणी बोलणाऱ्यांना उच्चारांची फार धास्ती असते. ढब खानदेशी असली म्हणून दोन्ही परीक्षांत गुण कापत नाहीत. शब्द कळायला हवा आणि वाक्य पूर्ण व्हायला हवं.

सावधान: टोफेल घरून देता येते, पण तुमच्या यादीतल्या एका जरी विद्यापीठाला ती चालत नसेल तर केंद्रावरच द्या. शिवाय घरून देताना बंद खोली, अखंड वीज आणि स्थिर इंटरनेट लागतं. वीज गेली आणि परीक्षा तुटली, तर ती पुढे कशी धरायची हे तुमच्या हातात नसतं.

## टप्पा ६: तारीख आणि केंद्र

अमेरिकेच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी पुष्कळ विद्यापीठांच्या मुदती आधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपतात. परीक्षा सप्टेंबरपर्यंत झाली, तर पुन्हा द्यावी लागली तरी श्वास घ्यायला जागा उरते. स्कोअर दोन वर्षं टिकतो. पण तो अर्जाच्या मुदतीपर्यंत वैध हवा की अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत, हे विद्यापीठागणिक बदलतं. तिसऱ्या वर्षाला असताना घाईने परीक्षा दिलेल्यांनी हे नक्की पाहावं.

तारीख शोधताना एकाच शहरावर अडून राहू नका. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, सुरत सगळीकडे पाहा. नंदुरबारकरांना तापी लाइनने सुरत पुण्यापेक्षा जवळ पडतं. सकाळचा स्लॉट असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. रात्रभर बसमध्ये बसून गेलेल्या मुलांचं लिसनिंग पहिल्या दहा मिनिटांतच हातातून जातं.

## टप्पा ७: स्कोअर पाठवणं

पीडीएफ अपलोड केली म्हणजे स्कोअर पाठवला, असं होत नाही. अर्जात स्वतः टाकलेला स्कोअर तात्पुरता धरतात. अधिकृत स्कोअर संस्थेकडून यावा लागतो किंवा विद्यापीठाने तो पडताळून पाहावा लागतो.

टोफेलमध्ये चार विद्यापीठांना स्कोअर मोफत जातो, पण ती नावं परीक्षेच्या आधीच निवडावी लागतात. नंतर प्रत्येक नावाला पैसे पडतात. विद्यापीठाचा कोड निवडताना नाव नीट वाचा, एकाच राज्यात जवळजवळ सारख्या नावाची विद्यापीठं आणि वेगवेगळे कॅम्पस असतात. आयल्ट्समध्ये काही विद्यापीठं निकालपत्रावरच्या क्रमांकावरून स्वतः पडताळणी करतात, काहींना निकाल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच हवा असतो. दोन आठवड्यांनी अर्जाच्या पोर्टलवर 'स्कोअर मिळाला' असं दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर अर्ज क्रमांक, पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेची तारीख देऊन ईमेल करा.

## टप्पा ८: एखादा सेक्शन कमी पडला तर

लगेच पूर्ण परीक्षेचे पैसे भरू नका, आधी पर्याय बघा.

संगणकावर आयल्ट्स दिली असेल, तर 'वन स्किल रिटेक'मध्ये फक्त एकच सेक्शन पुन्हा देता येतो, पण मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. शिरपूरच्या मुलाने फक्त रायटिंग दिलं आणि ६.५ आणला, तर बेरीज २८, एकूण ७, आणि सगळे सेक्शन ६.५ च्या वर किंवा बरोबर. दोन्ही अडलेली विद्यापीठं मोकळी झाली. पण हे सगळीकडे स्वीकारत नाहीत, म्हणून तक्त्यातला सहावा रकाना. आणि ६० दिवस निकालापासून नव्हे, परीक्षेपासून मोजायचे आहेत.

टोफेलमध्ये 'मायबेस्ट' स्कोअर असतो. गेल्या दोन वर्षांतल्या तुमच्या परीक्षांमधला प्रत्येक सेक्शनचा सर्वोत्तम स्कोअर एकत्र करून निकालपत्रावर छापतात. तो छापला जातो याचा अर्थ विद्यापीठ तो धरतंच असा नाही. काही विद्यापीठं एकाच दिवसाचा स्कोअर मागतात. आयल्ट्सची दोन निकालपत्रं घेऊन एकातलं रायटिंग आणि दुसऱ्यातलं स्पीकिंग दाखवणं मात्र सहसा कुठेच चालत नाही.

फेरतपासणीही आहे. आयल्ट्सला सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि बँड वाढला तर फी परत मिळते. रायटिंग किंवा स्पीकिंग बाकीच्या सेक्शनपेक्षा फार खाली आलं असेल आणि सरावात कधीच इतकं खाली गेलं नसेल, तरच तिचा विचार करा. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात, तिथे फरक पडण्याची शक्यता कमी.

यातलं काहीच जमलं नाही तर विद्यापीठाला विचारा. ब्रिटनमध्ये अर्धा बँड कमी असेल तर काही विद्यापीठं मुख्य अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचा इंग्रजी कोर्स करायला सांगून प्रवेश देतात. त्याची फी आणि राहण्याचा खर्च वेगळा, आणि बँकेतून शिक्षणकर्ज घेणार असाल तर हा कोर्स कर्जात धरला जातो का ते प्रवेश स्वीकारण्याआधी शाखेत विचारून घ्या. अमेरिकेत कधी कधी विभागच ग्रॅज्युएट स्कूलकडे सूट मागतो, पण ती विनंती विभागाकडून जावी लागते. तुमचं कॉलेज 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं पत्र देत असेल, तर त्यावर भिस्त ठेवण्याआधी विद्यापीठ ते भारतातून घेतं का याचं लेखी उत्तर मागवा. बऱ्याच ठिकाणी ते घेत नाहीत, आणि हे उत्तर मुदत संपायच्या आठवड्यात आलं तर परीक्षेची तारीखही हातात उरत नाही.